वास आधी, हात मागून

चपलेच्या तळाचे चामडे वजनावर विकले जाते आणि आमच्या घरातल्या बहुतेक काळज्या या एका गोष्टीपासून सुरू होतात. पट्ट्याचे पातळ चामडे फुटावर मोजून मिळते, त्यामुळे त्यात फसवणूक झाली तरी ती मापापुरती असते. तळाचे जाड चामडे मात्र तराजूत पडते आणि तराजूला चामडे, पाणी आणि मीठ यांतला फरक कळत नाही. कोल्हापुरी चपलेचा तळ पूर्ण चामड्याचा असतो, त्याखाली रबर नसते, म्हणून तळ वाईट निघाला तर वर कितीही सुबक वेणी घातलेली असो, ती चप्पल एका पावसाळ्यात संपते.

मी सुभाषनगरातल्या एका चर्मकार घरात सून म्हणून आले आणि इथेच वेणी घालायला शिकले. पट्ट्यांवरची वेणी, गोंडे आणि कानांची शिवण हे काम आमच्याकडे बायकांचे, तर तळाचे चामडे निवडणे आणि ते कापणे हे घरातल्या थोरल्या पुरुषाचे, असा रिवाज होता. माझ्या मामंजींनी तो सत्तरी उलटल्यावर स्वतःच मोडला. त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, माझे यजमान दुकान आणि गिऱ्हाइके यांत गुंतलेले होते, आणि माझी मुलगी कॉलेजातून आली की आजोबांच्या शेजारी बसून रापीने कडा तासत असे. एके दिवशी त्यांनी तिच्या हातातली रापी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "कापायचं कुणीबी शिकतंय. काय कापायचं ते आधी शिक."

त्यानंतर जे शिकवणे सुरू झाले, ते मी वेणी घालता घालता ऐकत होते. शिक्षणाला क्रम होता आणि तो बदललेला त्यांना चालत नसे. आधी वास, मग हात, आणि रापी अगदी शेवटी. मुलीने कारण विचारले तेव्हा त्यांनी तिला चामड्याच्या चळतीत हात घालायला लावले आणि मग तीच बोटे नाकाशी धरायला सांगितली. बोटांना सगळ्या चामड्यांचा मिळून एकच वास येत होता. एकदा हात माखले की पुढच्या चामड्याचा स्वतःचा वास हातालाच लागलेल्या वासात हरवतो. शिवाय नाक लवकर थकते. दोन-तीन चामडी हुंगली की चौथे वाईट असले तरी ते चांगलेच वाटू लागते. म्हणून दोन चामडी झाली की दाराबाहेर येऊन मोकळ्या हवेत थोडे थांबायचे आणि मगच परत आत जायचे. व्यापारी घाई करू लागला तर त्या दिवशी काही घ्यायचेच नाही.

हुंगायचे कुठे, हाही धडाच होता. वरचे अंग, म्हणजे जिकडे केस असतात ती बाजू, तेल लावून, घासून चकचकीत केलेली असते, त्यामुळे तिथे तेलाचाच वास येतो. खरा वास आतल्या अंगाला, म्हणजे मांसाच्या बाजूला असतो आणि त्यातही मानेजवळच्या जाड घडीत. मामंजी त्या जागी तोंड नेऊन आधी ऊन श्वास सोडत, जसा आपण चष्म्याची काच पुसताना सोडतो तसा, आणि लगेच नाकाने आत ओढत. श्वासाच्या उबेने आणि ओलाव्याने कोरड्या चामड्यात दडून बसलेला वास वर येतो. मुलीला सुरुवातीला नुसता "चामड्याचा वास" यायचा. त्यावर ते म्हणत, "चामड्याला वास नसतोय पोरी. ज्यात कमावलंय त्याचा वास असतोय."

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढचे सगळे शिक्षण त्यावरच उभे होते. आमच्या भागात पिशवी पद्धतीने चामडे कमावतात. कातडे आधी पाण्यात भिजवून त्याचे मीठ आणि घाण काढतात, मग ते चुन्याच्या हौदात ठेवतात. चुन्याने केस सैल होतात, ते खरवडून काढतात आणि आतल्या अंगाचे मांसही सोलतात. त्यानंतर चुना धुऊन काढायचा असतो, आणि हे काम अर्धवट राहिले तर त्याची शिक्षा शेवटपर्यंत भोगावी लागते. मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात ते कातडे मुरवतात आणि पुढे त्याच्या कडा शिवून पिशवी करतात. ती टांगून तिच्यात बाभळीची साल आणि तिचे पाणी भरतात. पाणी कातड्यातून हळूहळू झिरपते, खाली ठिबकते आणि तेच पुन्हा वरून ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, कारण वरच्या भागाला पाणी कमी पोचलेले असते. शेवटी हिरड्याच्या पाण्यात काढून तेल लावून वाळवतात. सगळे मिळून महिना-सव्वा महिना जातो. अजून कडा छाटलेल्या नसतील तर अशा चामड्याच्या काठाने पिशवी शिवल्याची भोके दिसतात, आणि मुलीला पहिल्यांदा चामडे दाखवताना मामंजींनी तिचे बोट त्या भोकांवरूनच फिरवले होते.

या प्रत्येक पायरीची चूक चामड्यात शिल्लक राहते आणि प्रत्येकीचा वास वेगळा असतो. सगळे नीट झाले असेल तर वास तुरट आणि थोडा लाकडी असतो, पावसात भिजलेल्या बाभळीच्या सालीचा. त्यात तेलाची छटा असते, पण ती मागे राहते. कातडे चुन्यात जाण्याआधीच पडून राहिले असेल तर मानेच्या घडीत आणि पायांच्या मुळाशी कुजका, नाकाच्या मागे रेंगाळणारा वास राहतो. तो कमावल्याने झाकतो, पण ऊन श्वास सोडला की वर येतो. चुना नीट धुतला नसेल तर वास जवळजवळ येतच नाही, नवीन रंग दिलेल्या भिंतीसारखा कोरडेपणा तेवढा नाकात जाणवतो, आणि अशा वेळी निर्णय हातावर सोडायचा. आंबूस वास आला तर सालीचे पाणी जुने होते आणि ते आंबले होते, असे समजायचे. तेलाचा वास सगळ्यात पुढे आला तर थांबायचे, कारण जास्त तेल बहुधा काहीतरी लपवण्यासाठी पाजलेले असते, आणि बहुतेक वेळा ते कोरडे पडून चिरू लागलेले वरचे अंग असते.

मामंजींच्या तरुणपणी चामडे कमावणाऱ्याचे घर माहीत असे. हौद कुठला, साल कुणी आणली, यंदा चुन्यात किती दिवस ठेवले, हे विचारता येत असे आणि डोळ्यांनी बघताही येत असे. आता बरेचसे चामडे व्यापाऱ्यामार्फत लांबून, तमिळनाडूकडून येते. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून इथल्या कारागिराला म्हशीच्या चामड्यावर जास्त अवलंबून राहावे लागते. म्हशीचे कातडे जाड असते, त्याची छिद्रे मोठी आणि विरळ असतात, धागे सैल असतात. बैलाच्या चामड्याला सवयीच्या हातांना ते नव्याने शिकावे लागले. ज्याचा हौद आपण पाहिलेला नाही त्याच्या चामड्यावर विश्वास ठेवायचा तर नाक आणि हात यांच्याखेरीज साक्षीदार नाही, म्हणून मामंजींना नातीला शिकवण्याची एवढी निकड वाटत होती, असे मला वाटते.

हाताचा धडा त्यांनी पाठीपासून सुरू केला. चामडे पसरून मुलीला डोळे मिटायला लावले आणि तिचा तळवा कण्याच्या रेषेवरून हळूहळू पोटाकडे न्यायला सांगितला. कण्याच्या दोन्ही बाजूंना पाठीचे आणि पुठ्ठ्याचे चामडे घट्ट, भरीव आणि एकसारखे लागते. पोटाकडे जाताना एका जागी ते बोटाखाली सैल होते, थोडे फुगीर आणि लवचिक लागते. ती सीमा डोळ्यांना दिसत नाही. तळ पाठीचाच घ्यायचा, पोटाचा तळ ओला झाला की पसरतो आणि चप्पल पायाबाहेर जाते. मान जाड असते पण तिच्यावर आडव्या सुरकुत्या असतात, त्यामुळे ती टाचेखालच्या थरांना चालते, जिथे सुरकुती दिसत नाही आणि दाब सरळ खाली येतो.

मग घडीची परीक्षा. वरचे अंग आत घेऊन चामडे मुडपायचे आणि घडीत पडलेल्या रेषा बघायच्या, बोटाने चाचपायच्या. बारीक, दाट रेषा पडल्या आणि हात काढल्यावर मिटल्या तर वरचा थर खालच्याला धरून आहे. मोठ्या, पोकळ सुरकुत्या उठल्या तर चुन्यात जास्त दिवस गेले आहेत. धागे सुटले आहेत आणि वरचा थर आतून सुटा झाला आहे. असे चामडे दाबले तर भुसभुशीत लागते. नंतर उलटी घडी, वरचे अंग बाहेर घेऊन, आणि या वेळी कान द्यायचा. तळाचे चांगले चामडे वाकताना विरोध करते आणि हलकेसे करकरते. कडकन आवाज आला आणि बारीक चीर दिसली तर ते कोरडे पडले आहे किंवा चुना आतच राहिला आहे. नाकाला फक्त कोरडेपणा जाणवला होता ते चामडे इथे पकडता येते.

नखाची खूण मात्र मुलीची सगळ्यात आवडती होती, कारण तिचे उत्तर लगेच मिळते. अंगठ्याचे नख वरच्या अंगात जोराने दाबायचे. सालीने कमावलेल्या चामड्यात खूण राहते, कारण ते दाब धरून ठेवते, आणि याच गुणामुळे कोल्हापुरी चप्पल काही दिवसांत पायाचा आकार घेते. क्रोमच्या क्षारांनी कारखान्यात एक-दोन दिवसांत कमावलेल्या चामड्यात खूण उठते आणि परत भरून येते. ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ती सालीच्या चामड्याची आहे, पण बाजारात क्रोमचे चामडे तपकिरी रंगवून आणि वरून सालीचे पाणी मारून सर्रास विकले जाते. अशा चामड्याचा वास नाकाला फसवतो. एकदा मुलीने हुंगून पसंत केलेले चामडे नखाने नापसंत केले आणि मामंजींनी रापीने त्याची कड तासून तिला दाखवली. वरून तपकिरी आणि मध्ये निळसर करडी रेघ होती. त्याच दिवशी त्यांनी तिला पाण्यात बुडवलेला लोखंडी खिळाही वापरून दाखवला. ओला खिळा सालीच्या चामड्यावर ठेवला की साल आणि हिरडा यांच्या तुरटपणामुळे त्या जागी काळा डाग पडतो. पण वरून सालीचे पाणी मारलेल्या क्रोमच्या चामड्यावरही तो पडू शकतो, म्हणून खिळा नेहमी ताज्या कापलेल्या कडेवर, मधोमध टेकवायचा, हे त्यांनी बजावले.

रापीने कड कापून बघण्याचे आणखी एक कारण आहे. चामड्याला साल दोन्ही बाजूंनी आत शिरत जाते आणि घाईने कमावले तर मध्ये पोचतच नाही. कापलेल्या कडेच्या मध्यभागी फिकट, शिंगासारखी कडक आणि अर्धपारदर्शक रेघ दिसली तर आत कच्चे कातडे आहे. त्या रेघेत आरी अडते, आणि ओल लागली की तिथूनच कुजायला सुरुवात होते.

आता त्या चामड्याविषयी, ज्याने या सगळ्या शिक्षणाची कसोटी घेतली. शिमग्याच्या आधीचे दिवस होते, हवा कोरडी होती. एका व्यापाऱ्याकडून दोन म्हशींची तळाची चामडी पाहण्यासाठी घरी आणली होती. लांबी-रुंदी जवळजवळ सारखी आणि जाडीही सारखीच, पण एक दुसऱ्यापेक्षा चांगलेच जड होते. जाड चामडे जड असावे, असे कुणालाही वाटेल, आणि व्यापाऱ्याने तेच सांगितले होते की हे भरीव आहे. मुलीने क्रमाने सुरुवात केली. मानेच्या घडीत वास सालीचाच होता, तुरट आणि चांगला. ती जरा थांबली आणि म्हणाली की मागे काहीतरी गोडूस येते आहे. मामंजींनी स्वतः हुंगले, पण त्यांना ते जाणवले नाही. त्यांचे नाक आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, हे ते मोकळेपणाने कबूल करतात. त्यांनी एवढेच म्हटले, "नाकानं सांगितलंय न्हवं, आता हाताला विचार."

तिने तळव्याऐवजी हाताची मागची बाजू चामड्याला लावली. कामाने तळव्याची आणि बोटांची कातडी जाड होते, तिला थंडावा कळत नाही. मागच्या बाजूला तो चटकन कळतो, हे तिला आजोबांनीच शिकवले होते. चामडे गार लागले. चांगले वाळलेले चामडे त्या हवेत गार लागायला नको होते. अंगठा दाबून उचलला तर किंचित चिकटला. घडी घातली तर ते निमूटपणे वाकले, विरोध नाही आणि करकर नाही. दुसरे चामडे शेजारीच होते आणि ते प्रत्येक बाबतीत वेगळे वागत होते. नुसते पाणी मारून जड केले असते तर बांधून ठेवलेल्या चळतीत बुरशीचा वास आला असता, आणि तो नव्हता. म्हणजे पाण्याला धरून ठेवणारे काहीतरी आत होते.

तळाचे चामडे जड करण्यासाठी ग्लुकोज आणि मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे ते कडू मीठ, पाजण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. ग्लुकोजने चामडे मऊ आणि चिकट राहते, मिठाने वजन वाढते. मामंजींना हे ऐकून माहीत होते, पण वासावरून आणि हातावरून कुणावर आरोप करणे त्यांना पसंत नव्हते. त्यामुळे सिद्ध करण्याचे काम मुलीवर आले आणि तिने ते माझ्या अंदाजापेक्षा जास्त नेटाने केले.

दोन्ही चामड्यांचे तुकडे तिने पाठीच्या एकाच जागेवरून कापले, कारण पोटाचे सैल चामडे मीठ जास्त पिते आणि तिथला तुकडा घेतला असता तर तुलना खोटी ठरली असती. ते आधी उन्हात पुरते वाळवले, म्हणजे पाण्याचे वजन हिशेबातून निघून जावे. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर छाटून छाटून दोन्ही तुकडे १०० ग्रॅमचे केले. वेगवेगळ्या भांड्यांत स्वच्छ पाण्यात एक दिवस आणि एक रात्र ठेवले, मध्ये पाणी बदलले, मग न पिळता सावलीत आणि शेवटी उन्हात वाळवले. चांगला तुकडा ९१ ग्रॅम भरला, दुसरा ७७.

चांगल्या तुकड्याचेही वजन घटले, हे पाहून मी गोंधळले. त्यावर मामंजींनी सांगितले की सालीचा जो अंश चामड्याला चिकटलेला नसतो तो पाण्यात उतरतोच, तेवढी घट प्रत्येकात येते, म्हणून एकच तुकडा तपासून काहीच कळत नाही. चांगले म्हणून माहीत असलेले चामडे शेजारी हवेच. दोन्हींतला फरक १४ ग्रॅमचा होता. दहा किलो वाळलेल्या चामड्यात तो जवळजवळ दीड किलो होतो आणि तेवढे पैसे आम्ही चामडे म्हणून मिठाला दिले असते. मुलीने पाण्याच्या पहिल्या हप्त्यातले थोडे थोडे दोन ताटल्यांत घेऊन उन्हात आटवले. एका ताटलीत तपकिरी, खरखरीत पापडी राहिली. दुसरीत तपकिरी चिकट थर आणि त्यावर सुईसारखे पांढरे खडे उगवले.

पैशांपेक्षाही मोठे नुकसान पुढचे असते. असा तळ पहिल्यांदा भिजला की मीठ आणि साखर वाहून जातात, त्यांच्या जागा रिकाम्या होतात आणि चामडे आतून पोकळ होते. मग ते झिजत नाही, दबते. वाळताना कडेवर पांढरी फुले येतात, गिऱ्हाईक ती बुरशी समजून पुसते आणि ती पुन्हा येतात. वादीची शिवण अशा तळात पकड धरत नाही, कारण आरीने पाडलेले भोक आवळून धरायला भोवती धागेच घट्ट नसतात. बोल मात्र चप्पल करणाऱ्याला लागतो.

जड चामडे परत गेले. व्यापाऱ्याने दोन्ही ताटल्या पाहिल्या, आपल्यालाही ते असेच मिळाले असे सांगितले, आणि ते खोटे असेल असे मला वाटले नाही. त्यानेही ते वजनावरच घेतलेले होते. मुलीने दोन्ही तुकडे भोके पाडून दोरीत ओवले आणि तिच्या नमुन्यांत घातले. तिच्याकडे आता चुना राहिलेल्या, चुन्यात जास्त गेलेल्या, मध्ये कच्च्या राहिलेल्या आणि क्रोमच्या चामड्याचे असे तुकडे आहेत. ती ते डोळे मिटून ओळखते, पण सर्दी झाली की वासाचे काम बंद ठेवते आणि पावसाळ्यात निवडीला बसतच नाही, कारण त्या दिवसांत सगळेच चामडे गार लागते, सगळेच नरम वाकते आणि बुरशीचा वास सालीच्या वासावर चढतो. आम्ही वर्षाचे तळाचे चामडे होता होईल तो शिमग्यापासून वळवाच्या आधीपर्यंत घेऊन ठेवतो.

राहिलेले चांगले चामडे कापायला घेतले तेव्हा मामंजींनी खडू तिच्या हातात दिला. एका जोडातले दोन्ही तळ कण्याच्या दोन बाजूंना समोरासमोरच्या जागांवरून घ्यायचे असतात, म्हणजे दोन्ही पायांत झीज सारखी होते. तिने तळवा फिरवून दोन्हीकडे पोटाची सीमा शोधली, रेघ मारली आणि तळांचे फरमे मांडले. मामंजींनी डावीकडची रेघ बोटाने चाचपली आणि तशीच ठेवली. उजवीकडची त्यांनी दोन बोटे कण्याकडे सरकवली, त्यामुळे त्या चामड्यातून एक जोड कमी निघाला आणि उरलेल्या पट्टीचे टाचेखालचे थर झाले.